शंभर युनिटचं बजेट, चार ॲड सेट: सीबीओ लावायचं की एबीओ?

एक छोटं ऑनलाइन स्टोअर. विकायला मुख्य वस्तू एकच, लॅपटॉप बॅग, त्यात दोन-तीन साइझ आणि थोडे रंग. जाहिराती फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर. मालक स्वतःच ॲड्स चालवायचे आणि त्यांचा मला प्रश्न एकच होता, "बजेट कॅम्पेनला लावू की ॲड सेटला? एक जण म्हणतो सीबीओशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो छोट्या अकाउंटने त्याच्या वाटेला जाऊ नये."

या अकाउंटचं काय झालं ते पूर्ण सांगतो, कारण उत्तर या दोन्हीपैकी एकही निघालं नाही. आकडे युनिटमध्ये देतोय आणि गोल केलेत, चलन तुमचं तुम्ही धरा, इथे प्रमाण महत्त्वाचं आहे.

दिवसाचं बजेट १०० युनिट. एक ऑर्डर सरासरी ६० युनिटची, त्यातून माल, पॅकिंग, कुरिअर, रिटर्नचा हिशोब वजा करून हातात राहतात २४. म्हणजे एक ऑर्डर आणायला २४ पेक्षा जास्त लागले की धंदा तोट्यात, आणि मालकांना हवे होते २०. या २० ला आपण सीपीए म्हणू, एका खरेदीमागचा खर्च. दिवसाला १०० खर्चून २० ने ऑर्डर आली तर दिवसाला ५, आठवड्याला ३५. हा ३५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच अडकतं.

दोन्ही पद्धती एकदा पटकन सांगतो. एका कॅम्पेनच्या आत अनेक ॲड सेट असतात, प्रत्येक ॲड सेट म्हणजे ॲड कुणाला दाखवायची तो एक गट, आणि त्याच्या आत प्रत्यक्ष ॲड्स. ॲड सेट बजेट म्हणजे एबीओ, यात प्रत्येक ॲड सेटला तुम्ही हाताने रक्कम देता आणि ती त्यालाच मिळते. कॅम्पेन बजेट म्हणजे सीबीओ, यात रक्कम वरच्या पातळीवर एकच असते आणि कुठल्या ॲड सेटला किती द्यायचे ते सिस्टिम क्षणाक्षणाला ठरवते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने नंतर त्याला ॲडव्हान्टेज असं नाव जोडलं पण लोक अजून सीबीओच म्हणतात. २०१९ मध्ये तर ते सगळ्यांना सक्तीचं करणार अशी घोषणा झाली होती, तारीख पुढे ढकलली गेली आणि शेवटी सक्तीचा नाद सोडून दिला. टिकटॉकवरही हाच पर्याय सीबीओ याच नावाने आहे.

आता अकाउंट. सुरुवातीला एबीओ होतं, चार ॲड सेट, प्रत्येकाला रोज २५. पहिला ब्रॉड, म्हणजे वय आणि भाग सोडला तर काही टार्गेटिंग नाही. दुसरा इंटरेस्टवाला, प्रवास आणि ऑफिस ॲक्सेसरीज वगैरे. तिसरा लुकअलाइक, जुन्या ग्राहकांसारखे लोक. चौथा रिटार्गेटिंग, गेल्या ३० दिवसांत वेबसाइटवर येऊन खरेदी न केलेले, साधारण ३००० लोक. चारही ठिकाणी ॲड्स त्याच.

दोन आठवड्यांत प्रत्येकाचे ३५० युनिट गेले. ब्रॉडमधून १५ ऑर्डर आल्या, इंटरेस्टमधून १२, लुकअलाइकमधून १६ आणि रिटार्गेटिंगमधून २१. एकूण १४०० मध्ये ६४ ऑर्डर, सीपीए जवळपास २२. वाईट नाही, पण हवं होतं त्याच्या वर.

आणि चारही ॲड सेटवर एकच शेरा चिकटलेला, लर्निंग लिमिटेड.

याचं गणित सोपं आहे आणि ते बजेट लावायच्या आधी करायचं असतं. मेटाच्या सांगण्यानुसार ॲड सेटमध्ये शेवटचा मोठा बदल केल्यापासून आठवड्याभरात साधारण ५० रिझल्ट आले की डिलिव्हरी स्थिर होते, तोपर्यंत सिस्टिम अजून चाचपडत असते, आणि तेवढे येण्याची चिन्हं नसली की हा शेरा लागतो. इथे रिझल्ट म्हणजे खरेदी. ५० भागिले ७ म्हणजे दिवसाला सातच्या थोडं वर, म्हणून एका ॲड सेटला रोज सीपीएच्या सातपट तरी बजेट लागतं. आपल्या केसमध्ये २० च्या सातपट, १४० ते १४३. इथे अख्ख्या अकाउंटचं बजेट १०० आणि ते चार जागी तोडलेलं, म्हणजे एकेका ॲड सेटला आठवड्याला ८ ऑर्डर सरासरी. ५० कुठे आणि ८ कुठे! याच्यात सीबीओ लावा नाहीतर एबीओ, डेटा जो एकत्र यायला हवा तो चार भांड्यांत सांडलेलाच राहणार.

मालकांचं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. "इंटरेस्टवाला बंद करूया ना, १२ च ऑर्डर आल्यात, २९ चा सीपीए आहे, आणि लुकअलाइक २२ ला देतोय." बघायला एकदम बरोबर वाटतं. पण १२ आणि १६ मध्ये फरक आहे की नुसता योगायोग, हे तपासायची एक ढोबळ युक्ती आहे, आलेल्या ऑर्डरींच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, तेवढं वरखाली नशिबाने सहज होतं. १२ चं वर्गमूळ साडेतीन, म्हणजे तोच ॲड सेट परत चालवला तर ८ किंवा १६ आले तरी नवल नाही. १६ चं वर्गमूळ ४, म्हणजे १२ ते २० काहीही. दोन्ही रेंज एकमेकांत अर्ध्या घुसल्यात. रिटार्गेटिंगचे २१ तेवढे जरा वेगळे दिसतात आणि त्याला कारणही आहे, ते लोक आधीच साइटवर येऊन गेलेत. बाकी तिघांमध्ये कोण चांगला कोण वाईट हे या डेटावरून कुणीच सांगू शकत नाही, ना मालक, ना मी, ना सिस्टिम.

हे 'ना सिस्टिम' महत्त्वाचं आहे. लोकांना वाटतं सीबीओ लावलं की मशीन आपल्याला न दिसणारं काहीतरी बघून बरोबर वाटप करेल. काही प्रमाणात ते खरंय, तिच्याकडे प्रत्येक इम्प्रेशनला, म्हणजे ॲड दाखवायच्या प्रत्येक वेळी, हा माणूस विकत घेईल का याचा अंदाज असतो, नुसत्या ऑर्डरींवर ती चालत नाही. पण तो अंदाज तुमच्या अकाउंटपुरता पक्का व्हायला शेवटी तुमच्याच ऑर्डरी लागतात.

तरी मालकांनी सीबीओ करून बघायचं ठरवलं, आणि मीही म्हटलं बघूया, एक आठवडा हात न लावता. चारही ॲड सेट तसेच ठेवून बजेट वर नेलं, १०० रोज. आठवड्याच्या ७०० पैकी ब्रॉडला गेले ३९०, रिटार्गेटिंगला २२०, लुकअलाइकला ७० आणि इंटरेस्टला फक्त २०. ऑर्डर अनुक्रमे १७, १३, ३ आणि शून्य. एकूण ३३, सीपीए २१ च्या आसपास.

पहिली गोष्ट, इंटरेस्ट ॲड सेट काही हरला वगैरे नाही, त्याला संधीच मिळाली नाही. २० युनिटमध्ये म्हणजे एका ऑर्डरच्या खर्चात शून्य ऑर्डर येणं ही काही बातमी नाही. सीबीओमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांत सिस्टिमला ज्याच्यावर भरवसा वाटतो तिकडे पैसा वळतो आणि बाकीचे उपाशी राहतात, मग आठवड्याअखेर त्यांची ओळ बघून लोक म्हणतात "हे ऑडियन्स चालत नाही". चालत नाही की चाललंच नाही, हा फरक डॅशबोर्ड दाखवत नाही, तुम्हाला खर्चाचा कॉलम बघून काढावा लागतो. माझा साधा नियम, सीपीएच्या तिप्पट खर्च होईपर्यंत शून्य ऑर्डरवरून काहीही मत बनवायचं नाही. तिप्पटच का, तर तेवढ्या खर्चात सरासरी ३ ऑर्डर यायला हव्यात, आणि सरासरी ३ असताना नुसत्या नशिबाने शून्य येण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. सीपीएएवढाच खर्च झालेला असेल तर हीच शक्यता ३७ टक्के. म्हणजे चांगला ॲड सेटसुद्धा तीनात एकदा तरी तिथे भोपळा दाखवेल.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. मालकांचा मेसेज आला, "हे बघा, रिटार्गेटिंग १७ ला ऑर्डर देतंय आणि ब्रॉड २३ ला. तरी सिस्टिम ब्रॉडवर जवळपास दुप्पट पैसे घालतेय. हे लोक मुद्दाम करतात ना?"

सीबीओबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. आपण बघतो तो सीपीए म्हणजे सरासरी, आतापर्यंत जे खर्च झालं भागिले जेवढ्या ऑर्डर आल्या. सिस्टिम बघते ती पुढची ऑर्डर. म्हणजे आत्ता हातात असलेले पुढचे २० युनिट कुठे टाकले तर ऑर्डर स्वस्तात येईल. ३००० लोकांचं रिटार्गेटिंग म्हणजे ओला कपडा पिळल्यासारखं आहे, पहिल्या पिळात भरपूर पाणी निघतं, चौथ्या पिळाला हात दुखतात आणि थेंब पडतो. ज्यांना घ्यायचीच होती ते पहिल्या एक-दोन ॲडमध्ये घेऊन मोकळे होतात, मग उरलेल्यांना परत परत तीच बॅग दाखवत बसायचं. ब्रॉडमध्ये लाखो लोक आहेत, तिथे पहिली ऑर्डर महाग पण विसावी ऑर्डरही जवळपास तेवढ्यालाच. मेटाच्या मदतीच्या पानांवर या प्रकाराला ब्रेकडाउन इफेक्ट म्हटलंय, आणि तिथे स्पष्ट सांगितलंय की कॅम्पेन बजेट असेल तर निकाल कॅम्पेनच्या पातळीवर बघा, एकेका ॲड सेटच्या सरासरीवरून नाही.

मालकांना हे पटलं नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, रिटार्गेटिंगला किमान खर्चाची मर्यादा लावा, रोज ५०, आणि बघा. सीबीओमध्ये प्रत्येक ॲड सेटला कमीत कमी आणि जास्तीत जास्त खर्च सांगता येतो. किमानची हमी नसते, सिस्टिम प्रयत्न करते इतकंच, पण इथे झाला खर्च. पुढच्या आठवड्यात रिटार्गेटिंगवर गेले ३५०, ऑर्डर आल्या १५. आधीच्या आठवड्यात २२० मध्ये १३ होत्या. म्हणजे जास्तीचे १३० युनिट घातले आणि जास्तीच्या ऑर्डर मिळाल्या २, एकेक ६५ ला पडली! सरासरी मात्र अजूनही २३ दिसते, म्हणजे नुसता रिपोर्ट बघणाऱ्याला वाटेल की थोडं महागलं, एवढंच. एकूण आठवडा ३१ ऑर्डरवर आला, म्हणजे साडेबावीसचा सीपीए.

आता इथे कुणीतरी मला माझंच वर्गमूळ दाखवेल, १३ आणि १५ मधला फरकही नशिबाचाच असू शकतो. अगदी बरोबर. म्हणून मी ऑर्डरींपेक्षा फ्रिक्वेन्सीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण ती हजारो इम्प्रेशनवरून निघते, तिच्यात नशीब फारसं नसतं. एबीओमध्ये आठवड्याला १७५ खर्च होत होते तेव्हा एका माणसाला आठवड्यात सरासरी ४ वेळा ॲड दिसत होती. २२० वर ती ५ झाली. ३५० वर ८. एकाच आठवड्यात एकाच माणसाला तीच बॅग आठ वेळा, कमेंटमध्येही एक-दोघांनी वैतागून लिहिलं. सिस्टिमने पैसे तिथे का घातले नव्हते ते यात दिसतं.

अजून एक गोष्ट जी सीबीओ आणि एबीओ दोघांनाही कळत नाही. रिटार्गेटिंगमधल्या त्या १३ ऑर्डरींपैकी किती जण ॲड न दिसताही आले असते? मेटाचं नेहमीचं अ‍ॅट्रिब्यूशन ७ दिवस क्लिक आणि १ दिवस व्ह्यू असं असतं, म्हणजे कुणी ॲड नुसती बघितली, क्लिक नाही केली, आणि चोवीस तासांत स्वतः साइटवर येऊन बॅग घेतली तरी ती ऑर्डर ॲडच्या खात्यात. जो माणूस काल कार्टमध्ये टाकून गेलाय त्याच्या बाबतीत हे वारंवार होणार. म्हणून रिटार्गेटिंगचा १७ हा आकडा खरा आहे असं मी धरतच नाही. आणि म्हणूनच गरम, म्हणजे आधी येऊन गेलेले, आणि थंड, म्हणजे अगदी नवीन, असे ऑडियन्स एकाच सीबीओमध्ये एकत्र टाकणं मला आवडत नाही, कारण सिस्टिम तिच्या खात्यात जमा होणाऱ्या ऑर्डरी मोजते, तुमच्या नवीन ग्राहकांची तिला वेगळी काळजी नाही.

मग काय केलं?

चार ॲड सेटचे दोन केले. ब्रॉड, इंटरेस्ट आणि लुकअलाइक हे तिन्ही मुळात एकाच गर्दीतले होते, इंटरेस्ट आणि लुकअलाइकमधली बहुतेक माणसं ब्रॉडमध्येही असतातच. आणि एकाच अकाउंटचे दोन ॲड सेट एकाच माणसासाठी लिलावात आले तर मेटा त्यांना एकमेकांविरुद्ध बोली लावू देत नाही, एकालाच पुढे पाठवते. म्हणजे "स्वतःशीच स्पर्धा होऊन रेट वाढतो" ही ऐकीव गोष्ट तशी चुकीची आहे, पण मागे राहिलेल्या ॲड सेटची डिलिव्हरी कमी होते आणि त्याचं शिकणं अजून लांबतं, हे नुकसान खरं आहे. म्हणून एकच ब्रॉड ॲड सेट, त्याला रोज ८५. त्यातून ३० दिवसांचे व्हिजिटर आणि जुने ग्राहक वगळले, म्हणजे कोण नवीन आणि कोण जुना याचा गोंधळ नको. दुसरा रिटार्गेटिंग, वेगळ्या कॅम्पेनमध्ये, रोज १५, पंधराच्या वर काही नाही. १५ वर फ्रिक्वेन्सी आठवड्याला अडीचच्या आसपास राहते, तेवढी पुरे.

आता गंमत बघा. ज्या कॅम्पेनमध्ये एकच ॲड सेट आहे तिथे बजेट कॅम्पेनला लावलं काय आणि ॲड सेटला लावलं काय, काडीचा फरक पडत नाही. वाटायला दुसरं कुणी नाहीच. मालकांचा मूळ प्रश्न या बजेटला लागूच होत नव्हता. त्यांना प्रश्न वाटत होता सीबीओ की एबीओचा, आणि खरा प्रश्न होता १०० युनिटमध्ये किती ॲड सेट परवडतात. उत्तर, सीपीएच्या सातपटीच्या हिशोबाने, एकही नीट परवडत नाही. पाऊण परवडतो म्हणा.

मग लर्निंग लिमिटेडचं काय, ते गेलं का? नाही गेलं. ८५ रोज म्हणजे आठवड्याला २८ ऑर्डर, ५० ला अजून बराच अवकाश. मालक म्हणाले, "मग ऑप्टिमायझेशन खरेदीवरून कार्टवर नेऊ, कार्टमध्ये टाकणारे तर आठवड्याला शंभरच्या वर आहेत, पन्नास लगेच पूर्ण होतील." हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. शेरा जाईलही, पण मग सिस्टिम कार्टमध्ये टाकणारी माणसं शोधते, आणि कार्टमध्ये टाकून पळणारी जमात फार मोठी आहे. एक-दोनच ऑर्डर आठवड्याला येत असतील तर मी हा मार्ग घेईन, पण २८ येत असताना नाही. लर्निंग लिमिटेड म्हणजे ॲड बंद पडली असं नसतं, रिझल्ट जरा जास्त वरखाली होणार एवढाच त्याचा अर्थ, आणि ८ वरून २८ वर आलो म्हणजे ते वरखालीही कमी होणारच.

नवीन रचनेत चार आठवडे, मध्ये बजेट, टार्गेटिंग कशालाही हात नाही. मुख्य ॲड सेटवर २३८० खर्च, ११२ ऑर्डर, सीपीए २१ च्या थोडं वर. रिटार्गेटिंगवर ४२० खर्च, २७ ऑर्डर. एकूण २८०० मध्ये १३९, म्हणजे जवळपास २०. मालक खूश, "बावीसवरून वीसवर आणलंत." मी त्यांना म्हटलं, जरा थांबा. आधीच्याच दराने २८०० मध्ये १२८ आल्या असत्या, आता १३९ आल्या, फरक ११. १३९ चं वर्गमूळ १२ च्या जवळ. म्हणजे हा सगळा फरक नशिबाचाही असू शकतो. सीपीए कमी झाला असं मी छातीठोक सांगणार नाही. जे नक्की सांगता येतं ते वेगळं आहे. आठवड्याच्या ऑर्डरी ३३, ३७, ३४, ३५ अशा आल्या, मालकांचं रोज सकाळी ॲड सेट चालू-बंद करणं थांबलं, आणि रिटार्गेटिंगवर आधी जे एक चतुर्थांश बजेट जात होतं ते सातव्या हिश्श्यापर्यंत खाली आलं तरी एकूण ऑर्डरी घटल्या नाहीत. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

एबीओची खरी गरज मग कुठे पडली, तर नवीन क्रिएटिव्ह, म्हणजे ॲडमधला फोटो किंवा व्हिडिओ, तपासताना. मुख्य ॲड सेटमध्ये पाच ॲड्स होत्या आणि त्यातली एक जुनी ॲड बहुतेक सगळा खर्च खात होती. म्हणजे सीबीओमध्ये ॲड सेटच्या पातळीवर जे होतं तेच एका ॲड सेटच्या आत ॲडच्या पातळीवर होतं, आणि तिथे बजेट वाटायची सोयच नाही. नवीन व्हिडिओ त्यात टाकला की त्याला दिवसाला तीन-चार युनिट मिळायचे, महिनाभर थांबूनही काही कळलं नसतं. शिवाय चालू ॲड सेटमध्ये नवीन ॲड घातली की तो मोठा बदल धरला जातो आणि लर्निंग परत पहिल्यापासून. म्हणून नवीन व्हिडिओसाठी वेगळा ॲड सेट, त्याचं स्वतःचं बजेट रोज २०, तेवढे दिवस मुख्य ८५ चे ६५ केले. इथे मला सिस्टिमचं मत नकोय, मला खर्चाची खात्री हवीय, आणि ती फक्त एबीओ देतं. मेटामध्ये आता एबीओतही ॲड सेटना आपलं २० टक्क्यांपर्यंत बजेट एकमेकांना देऊ द्यायचा पर्याय दिसतो, टेस्टमध्ये तो बंद ठेवायचा, नाहीतर खात्री गेलीच.

टेस्टचा निकष तोच, ६० युनिट खर्चूनही शून्य ऑर्डर तर बंद. पहिला व्हिडिओ तिथेच गेला. दुसऱ्याला ६० मध्ये २ आल्या, मग त्याला अजून १०० दिले, एकूण १६० मध्ये ७ झाल्या. २३ चा सीपीए. ७ चं वर्गमूळ अडीचच्या पुढे, म्हणजे जुन्या ॲडपेक्षा चांगली की वाईट हे अजूनही कळत नाही, पण फालतू नक्की नाही. ती मुख्य ॲड सेटमध्ये टाकली आणि तिथे तिला किती द्यायचं ते सिस्टिमवर सोडलं. छोट्या अकाउंटला टेस्टमधून एवढंच कळतं, सपशेल नापास कोण ते. पहिला आणि दुसरा नंबर लावायला लागणाऱ्या ऑर्डरी या बजेटमध्ये येतच नाहीत, तेव्हा दोन ऑर्डरींच्या फरकावरून 'विनर' जाहीर करू नका.

सीबीओचा विषय परत निघाला तो मालकांनी मोठ्या साइझची ट्रॅव्हल बॅग आणल्यावर, जिच्यात सुटणारी रक्कम लॅपटॉप बॅगेएवढीच होती, आणि बजेट रोज ३०० करायची तयारी दाखवली तेव्हा. रिटार्गेटिंगचे १५ बाजूला काढले तर राहतात २८५, म्हणजे सीपीएच्या सातपटीने बरोबर दोन ॲड सेट बसतात. दोन्ही थंड ऑडियन्स, दोन्हींत ऑर्डरची किंमत आपल्या दृष्टीने सारखी, कुठली बॅग विकली जाते याने आपल्याला फरक पडत नाही. इथे हाताने १४२-१४२ वाटायचा हट्ट करण्यात अर्थ नाही, मी सीबीओच लावलं असतं आणि तेच लावलं. ट्रॅव्हल बॅगेत सुटणारी रक्कम दुप्पट असती तर मात्र नाही, कारण सिस्टिमला खरेदीची संख्या वाढवायला सांगितलंय, ती स्वस्तात येणाऱ्या ऑर्डरीकडे पळणार, मग तिकडे नफा अर्धा का असेना.

१०० वरून ३०० एका दिवसात नाही केलं. मोठी उडी मारली की लर्निंग परत सुरू होतं, आणि "२० टक्क्यांपर्यंत चालतं" हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो लोकांच्या अनुभवातला ठोकताळा आहे, मेटा फक्त म्हणते की बदल किती मोठा त्यावर अवलंबून. आम्ही जुनं कॅम्पेन ८५ वर तसंच चालू ठेवून नवीन सीबीओ शेजारी २०० वर सुरू केलं, दोन आठवडे दोन्ही चालवलं, आणि नवीन कॅम्पेनचा एकूण सीपीए २४ च्या आत आहे हे दिसल्यावर जुन्याचं बजेट तिकडे वळवून जुनं बंद केलं. किमान-कमालच्या मर्यादा एकही लावली नाही, कारण सगळीकडे मर्यादा लावल्या की ते नावालाच सीबीओ राहतं. मालकांना एकच विनंती केली, ॲड सेटची टॅब उघडू नका, कॅम्पेनची ओळ बघा, आणि तीही सात दिवसांची, कारण काल-परवाच्या क्लिकमधून येणाऱ्या ऑर्डरी अजून जमा व्हायच्या असतात. त्यांनी तिसऱ्याच दिवशी टॅब उघडली, "ट्रॅव्हल बॅगेला तीस टक्केच मिळतायत," म्हणून मेसेज केला. मी कॅम्पेनचा सीपीए विचारला, तो २१ होता.